‘सह नाववतु’मधली नाव कोणाची? मंत्राचा अर्थ शब्दाशब्दाने सांगणाऱ्या छोट्या व्हिडिओची स्क्रिप्ट

मे महिन्यात पुतणी पुण्याहून दापोलीकडच्या आमच्या घरी आली होती. दुपारची पंगत बसली, ‘वदनी कवळ’ झालं आणि रिवाजाप्रमाणे पाठोपाठ सगळ्यांनी ‘ॐ सह नाववतु’ म्हटलं. पहिला घास घेता घेता तिने विचारलं, "काका, यातली नाव कोणाची?" खाडीत होड्या नांगरलेल्या असताना आठ वर्षांच्या मुलीने दुसरं काय समजायचं? बरं, पंगतीतल्या मोठ्यांपैकीही कोणाला धड उत्तर देता आलं नाही. मी स्वतः कित्येक वर्षं ‘सहना, ववतु’ असं तोडून म्हणत आलो होतो, आणि ‘ववतु’ म्हणजे काय हे मला कधी विचारावंसंही वाटलं नव्हतं.

तिच्यासाठी म्हणून मी तीन-चार मिनिटांचा एक व्हिडिओ केला. पडद्यावर मंत्र, त्याखाली रोमन अक्षरांत उच्चार, शब्दाशब्दाची फोड आणि शेवटी साधा मराठी अर्थ. पहिला प्रयत्न फसला, दुसराही बराचसा फसला. तिसऱ्या खेपेला जमलं ते कसं, ते इथे क्रमाने सांगतो. मंत्र हाच धरून चालू, कारण तो पाच ओळींत संपतो आणि स्क्रिप्ट लिहिताना येणाऱ्या जवळजवळ सगळ्या अडचणी त्यात भेटतात.

कॅमेऱ्याआधी कागद

एका कागदावर मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे मंत्र म्हणताना जसा येतो तसा, आणि उजवीकडे त्याच ओळीतले सुटे शब्द.

सह नाववतु — सह, नौ, अवतु
सह नौ भुनक्तु — सह, नौ, भुनक्तु
सह वीर्यं करवावहै — सह, वीर्यम्, करवावहै
तेजस्वि नावधीतमस्तु — तेजस्वि, नौ, अधीतम्, अस्तु
मा विद्विषावहै — मा, विद्विषावहै

शेवटी ॐ आणि तीनदा शान्तिः. हा शांतिमंत्र तैत्तिरीय उपनिषदातल्या ब्रह्मानंदवल्लीच्या आरंभी येतो आणि कठोपनिषदाचा शांतिपाठही हाच आहे. दोन्ही उपनिषदं कृष्ण यजुर्वेदाची. व्हिडिओत एवढं एका वाक्यात सांगून पुढे जा.

या दोन रकान्यांची सरमिसळ व्हिडिओत कुठेही होऊ द्यायची नाही. आवाज मंत्र म्हणत असेल तेव्हा पडद्यावर डावा रकाना, आणि आवाज अर्थ सांगत असेल तेव्हा उजवा. पहिल्या खेपेला मी म्हणतानाच पडद्यावर ‘सह नौ अवतु’ दाखवलं, म्हणजे पोरांना वाचायला सोपं जाईल. झालं उलटंच. कानाला ‘नाववतु’, डोळ्याला ‘नौ अवतु’. पुतणी डोळ्याचं ऐकून ‘नौ... अवतु’ असं मध्ये थांबून म्हणायला लागली. मंत्रात संधी होऊन जे रूप तयार झालं आहे तेच म्हणायचं असतं. फोड फक्त समजून घेण्यासाठी.

एक शब्द कळला की निम्मं काम झालं

उजव्या रकान्यात बघा, ‘नौ’ तीनदा आला आहे. दुसऱ्या ओळीत तो उघड दिसतो, पण पहिल्या आणि चौथ्या ओळीत संधीच्या पोटात लपला आहे. म्हणून स्क्रिप्टमध्ये सगळ्यात जास्त वेळ या शब्दाला द्या. बाकीच्यांना प्रत्येकी एक वाक्य पुरतं.

‘नौ’ म्हणजे आपण दोघं: आपल्या दोघांना, आपल्या दोघांचं. संस्कृतात एकवचन आणि अनेकवचनाच्या मध्ये द्विवचन असतं, तसं मराठीत उरलेलं नाही. त्यामुळे ‘दोघं’ हा शब्द अर्थात मुद्दाम घालावा लागतो. नुसतं ‘आमचं रक्षण करो’ लिहिलंत तर मंत्रातलं नेमकं वेगळेपण गळून पडतं. हे दोघं म्हणजे गुरू आणि शिष्य. धडा सुरू करण्याआधी दोघांनी मिळून म्हणायचा हा मंत्र आहे.

आता संधी. ‘नौ’च्या पुढे स्वर आला की औचा आव् होतो. नौ + अवतु = नाववतु. नौ + अधीतम् = नावधीतम्. शाळेतल्या मराठी व्याकरणात याच संधीचं ठरलेलं उदाहरण कुठलं? नौ + इक = नाविक. तिथला ‘नौ’ मात्र नौकेतला, म्हणजे होडीच. उच्चार एक, शब्द दोन. पुतणीला होडी दिसली त्यात थोडं का होईना तथ्य होतं, आणि हे तिला सांगितल्यावर तिची कळी खुलली. किनाऱ्यावरच्या मुलांसाठी स्क्रिप्ट लिहीत असाल तर ‘नाविक’ सोडू नका. या तुकड्यासाठी मी लिहिलेली स्क्रिप्ट अशी:

पडद्यावर: नाववतु
आवाज: "हा एक शब्द नाही, दोन आहेत. आणि त्यात होडी नाही."
पडद्यावर: नौ + अवतु
आवाज: "नौ म्हणजे आपण दोघं. अवतु म्हणजे रक्षण करो. नाविक शब्दात नौ आणि इक जसे जोडले जातात, तसेच इथे नौ आणि अवतु."
पडद्यावर: सह नाववतु
आवाज: "सह म्हणजे बरोबरीने. आपल्या दोघांचं बरोबरीने रक्षण होवो."

आवाजाची वाक्यं एवढीच आखूड ठेवा. ‘द्वितीया विभक्ती’, ‘आज्ञार्थ’ वगैरे कागदावर तुमच्यासाठी लिहून ठेवा. बोलायची गरज नाही.

बाकीचे शब्द, आणि त्यातले खड्डे

‘भुनक्तु’पाशी बहुतेकांचा पाय घसरतो. पंगतीत म्हणतात म्हणून ‘आपण एकत्र जेवूया’ असा अर्थ सर्रास सांगितला जातो. पण इथे ‘आपण’ काही करत नाही आहोत. ‘नौ’ हे कर्म आहे, करणारा दुसराच कोणी. शिवाय ‘भुज्’ या धातूची दोन रूपं चालतात: खातो या अर्थी ‘भुङ्क्ते’ आणि सांभाळतो, पाळतो या अर्थी ‘भुनक्ति’. मंत्रातलं रूप दुसऱ्या जातीचं आहे. मी ‘पोसो’ हा शब्द घेतला. पोसण्यात सांभाळणंही आलं आणि खाऊ घालणंही. पंगतीशी नातं तुटत नाही आणि व्याकरणही दुखावत नाही.

‘वीर्यम्’ म्हणजे सामर्थ्य, पराक्रम. आजच्या मराठीत हा शब्द वेगळ्याच अर्थाने रूढ झाल्यामुळे अर्थात तो तसाच उतरवू नका. वर्गातली मोठी मुलं फिदीफिदी हसतात आणि पुढचं कोणी ऐकत नाही. ‘सामर्थ्य’ किंवा ‘बळ’ लिहा. ‘करवावहै’ म्हणजे आपण दोघं करूया. शेवटच्या ‘वहै’मध्येच ‘आपण दोघं’ आलं आहे. ‘विद्विषावहै’मध्येही तेच, आणि पुढचा ‘मा’ म्हणजे नको. आपण दोघं एकमेकांचा द्वेष करायला नको.

‘तेजस्वि नावधीतमस्तु’ म्हणजे आपण दोघांनी मिळून जे शिकलो ते तेजस्वी असो. ‘तेजस्वि’ इथे ह्रस्व आहे, कारण ते ‘अधीतम्’चं, शिकलेल्या गोष्टीचं, विशेषण आहे. फोनचा कीबोर्ड मराठीवर असेल तर तो आपलं शहाणपण दाखवून ‘तेजस्वी’ करून टाकतो. टाइप झाल्यावर परत बघा. ‘तेजस्विनौ + अधीतम्’ अशीही फोड जुन्या भाष्यात केलेली आहे, तेव्हा शिकलेलं नव्हे तर शिकणारे दोघं तेजस्वी ठरतात. कोणी ती दाखवून तुमची चूक काढली तर वाद घालू नका, पण व्हिडिओत एकच फोड ठेवा.

साधा अर्थ कोणाच्या तोंडी?

इथे मराठी आपल्याला एक जास्तीचा प्रश्न टाकते. ‘आम्हा दोघांचं’ की ‘आपल्या दोघांचं’? देवाला उद्देशून बोलत असू तर ‘आम्हा’. पण ‘अवतु’ म्हणजे ‘तू रक्षण कर’ नव्हे, ‘तो रक्षण करो’. देवाशी थेट बोलणं चाललेलंच नाही. गुरू आणि शिष्य एकमेकांच्या साक्षीने त्याच्याविषयी बोलत आहेत, आणि पुढच्या ओळींत तर सरळ एकमेकांना ‘करूया’, ‘द्वेष नको’ म्हणत आहेत. म्हणून मी ‘आपल्या’ घेतलं. रक्षण करणाऱ्याचं नाव मंत्रात नाही. परंपरेने तिथे ब्रह्म किंवा परमेश्वर धरतात. व्हिडिओत मी ते आवाजात एकदा सांगितलं आणि पडद्यावरच्या अर्थात ‘होवो’ वापरून कर्ता मंत्रासारखाच अध्याहृत ठेवला. दुसऱ्या ओळीत ‘पोसलं जावो’ कानाला कृत्रिम लागलं, म्हणून पडद्यावर ‘पोषण’ आणि समजावताना ‘पोसो’, अशी तडजोड केली:

आपल्या दोघांचं बरोबरीने रक्षण होवो.
आपल्या दोघांचं बरोबरीने पोषण होवो.
आपण दोघं मिळून सामर्थ्याचं काम करूया.
आपण शिकलेलं तेजस्वी असो.
आपण एकमेकांचा द्वेष करायला नको.

रोमन ओळ

पुतणी मराठी वाचते, पण तिचा अमेरिकेतला मावसभाऊ वाचत नाही. त्याच्यासाठी ही ओळ. मनाला येईल तसं इंग्रजी स्पेलिंग केलं की ‘सहना ववतु’ची चूक कायमची छापली जाते. दीर्घ स्वरावर आडवी रेघ आणि मूर्धन्य अक्षराखाली टिंब देणारी `IAST` ही ठरलेली पद्धत वापरा:

```
saha nāvavatu
saha nau bhunaktu
saha vīryaṃ karavāvahai
tejasvi nāvadhītamastu
mā vidviṣāvahai
oṃ śāntiḥ śāntiḥ śāntiḥ
```

पहिल्या ओळीतली मोकळी जागा `saha`नंतर आहे, `sahanā`नंतर नाही. या ओळीचं अर्धं मोल त्या जागेत आहे. टाइप करायचा कंटाळा असेल तर ‘अक्षरमुख’सारख्या लिपी बदलणाऱ्या साइटवर देवनागरी मजकूर टाकून `IAST` निवडा. पण आधी देवनागरी तपासा, कारण तिथली चूक जशीच्या तशी पलीकडे जाते. वाचणाऱ्यासाठी सुरुवातीला तीनच खुणा समजावा: रेघ म्हणजे दुप्पट लांब, `ṣ` म्हणजे ‘ष’ आणि `ḥ` म्हणजे विसर्ग. ‘शान्तिः’चा विसर्ग ‘शान्तिहि’ असा हलका उमटतो.

म्हणणारा आवाज

आमच्याकडे कृष्ण यजुर्वेदी हिरण्यकेशी घरं बरीच, म्हणजे तैत्तिरीय पाठ त्यांच्या घरचाच. गावातल्या गुरुजींना विनंती केली आणि ते आले. तुमच्याकडे असं कोणी नसेल तर स्वतः म्हणा, पण मग पडद्यावर वेदपाठातल्या उच्च-नीच स्वरांच्या खुणा देऊ नका. खालची आडवी रेघ (`U+0952`) म्हणजे अनुदात्त, वरची उभी रेघ (`U+0951`) म्हणजे स्वरित, खूण नाही ते उदात्त, किंवा स्वरितानंतर सपाट म्हणायचं अक्षर. पहिली ओळ ‘स॒ह ना॑ववतु’ अशी दिसते. पडद्यावर खुणा आणि आवाज सपाट, असा व्हिडिओ जाणकाराला खोटा वाटतो आणि नवख्याला गोंधळात टाकतो.

आम्हा मराठी माणसांच्या दोन सवयी रेकॉर्डिंगमध्ये हमखास सापडतात. एक, शब्दाच्या शेवटचा अ गिळायचा: ‘सह’चं ‘सह्’ होतं. दुसरी, शेवटचा ह्रस्व इ-उ लांबवायचा, कारण मराठीत तो आपण दीर्घच लिहितो. ‘अवतू’, ‘भुनक्तू’, ‘अस्तू’, ‘तेजस्वी’, चारही जागी. मी चाचणीसाठी म्हटलं तेव्हा गुरुजी म्हणाले, "अहो, तो तु आहे, तू नव्हे. कोणाला हाक मारताय?"

ही चूक कानाने कळली नाही तरी मात्रा मोजून कळते. ह्रस्वाला एक मात्रा, दीर्घाला दोन, आणि पुढे जोडाक्षर, अनुस्वार किंवा विसर्ग आला तर दोन. ‘सह नाववतु’: स एक, ह एक, ना दोन, व, व, तु प्रत्येकी एक. सात. तुमच्या म्हणण्यात आठ भरत असतील तर ‘तु’ लांबला. पुढच्या ओळी अनुक्रमे 8, 13, 14 आणि 10 मात्रांच्या आहेत.

जागेबद्दल एवढंच, की पडवीत बसू नका. तिथे आपल्याला गाज ऐकू येत नाही असं वाटतं, कारण जन्मापासून कान तिला सरावलेला असतो. माइकला ती स्वच्छ ऐकू येते. खालच्या पट्टीतला घरघराट फिल्टरने निघतो, पण लाटेचा फसफसाट आवाजाच्याच पट्टीत बसतो आणि काढायला गेलं की ‘स’, ‘ष’, ‘ह’ही सोबत जातात. आम्ही माजघरात, भाताच्या पोत्यांशेजारी, मागे गोधडी टांगून रेकॉर्ड केलं. पावसाळ्यात पत्र्याच्या घरात प्रयत्नही करू नका.

वेळ बसवणं

मात्रा मोजल्या त्या इथेही कामाला येतात. शिकवण्यासाठी सावकाश म्हणायचं तर एका मात्रेला साधारण अर्धा सेकंद धरा. पाच ओळींना 3.5, 4, 6.5, 7 आणि 5 सेकंद लागतात, मिळून 26. ‘माझ्यामागून म्हणा’ या भागात प्रत्येक ओळीनंतर तेवढीच जागा आणि श्वासासाठी एक सेकंद सोडा. म्हणजे पहिल्या ओळीची पडद्यावरची पाटी 8 सेकंद राहील, पुढच्या 9, 14, 15 आणि 11. एकूण 57 सेकंद. माझ्या दुसऱ्या व्हिडिओत प्रत्येक ओळीनंतर सरसकट तीन सेकंद होते. ‘तेजस्वि नावधीतमस्तु’ म्हणून होईपर्यंत पुढची ओळ सुरू झालेली असायची, आणि पोरं तिसऱ्या ओळीनंतर म्हणायचंच सोडून द्यायची.

पाट्या सबटायटल म्हणून देणार असाल तर `.srt` फाइल साध्या मजकुरात लिहिता येते. हा भाग पाचव्या सेकंदाला सुरू होत असेल तर पहिल्या दोन पाट्या अशा:

```
1
00:00:05,000 --> 00:00:13,000
सह नाववतु
saha nāvavatu

2
00:00:13,000 --> 00:00:22,000
सह नौ भुनक्तु
saha nau bhunaktu
```

फाइल जतन करताना `UTF-8` निवडा, नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतील.

एका पाटीवर मंत्र, रोमन आणि अर्थ अशा तिन्ही ओळी टाकायचा मोह होतो. डोळा मग एकही धड वाचत नाही. माझा क्रम असा ठरला: आधी सगळा मंत्र एकदा, पडद्यावर फक्त देवनागरी. मग शब्दांची फोड, साधारण दीड मिनिट. मग मागून म्हणणं, देवनागरी आणि रोमन. शेवटी पुन्हा सलग मंत्र, आणि या वेळी खाली रोमनऐवजी मराठी अर्थ.

म्हणता म्हणता अक्षर रंगवायचं असेल तर पूर्ण शब्द रंगवा. उच्चार भु-नक्-तु असा होतो, पण लिहिताना ‘क्तु’ एक आहे. तो मध्येच दोन रंगांत तोडला की जोडाक्षर फुटून ‘क्’चा पाय मोडलेला दिसतो. आणि एडिटिंगचं ॲप घेण्याआधी त्यात ‘तेजस्वि’ आणि ‘विद्विषावहै’ हे दोनच शब्द टाइप करून बघा. पहिली वेलांटी चुकीच्या जागी पडली किंवा ‘द्वि’ सुटा झाला तर त्या ॲपला देवनागरी जमत नाही. अशा वेळी पाट्या दुसरीकडे, म्हणजे लिबरऑफिस इम्प्रेससारख्या ठिकाणी, चित्रं म्हणून तयार करून आत आणा. स्वरांच्या खुणांसाठी आयआयटी मुंबईचा ‘शोभिका’ हा मोफत फॉन्ट चांगला. खूण अक्षरावर न बसता ठिपक्यांच्या वर्तुळावर दिसली तर फॉन्ट बदला.

कोणाला दाखवून बघायचं

मंत्र येणाऱ्याला नको. तो पडद्याकडे बघतच नाही, पाठ म्हणतो. मंत्र न येणारं एखादं मूल बसवा आणि आवाज चालू असताना ‘आता कुठला शब्द चाललाय, बोट ठेव’ एवढंच सांगा. बोट जिथे चुकेल तिथली पाटी किंवा वेळ चुकलेली असते. मग व्हिडिओ बंद करून ‘दोघं कोण?’ एवढं विचारा. शेजारच्या मुलाने ‘राम-लक्ष्मण’ सांगितलं, तेव्हा मला कळलं की गुरू-शिष्यांचं वाक्य मी फोडीच्या शेवटी टाकलं होतं. ते उचलून ‘नौ’च्या पाटीवर आणलं.